आधी तेल, मग खेळ

आमच्या इंदूरमधल्या सुदामानगरच्या मराठी मंडळानं या वर्षी रंगपंचमीला लहान मुलांसाठी नैसर्गिक रंगांची वेगळी गेर, म्हणजे रंग खेळत जाणारी मिरवणूक, काढायची ठरवलीये. राजवाड्याच्या गेरमध्ये दोन वर्षांचं पोर घेऊन कोण जाणार! आणि बॅनरवरच्या घोषणा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण दहा वर्षांपूर्वी एकदा मी मंडळाच्या स्मरणिकेत कविता दिली होती.

पहिल्या मीटिंगमध्ये जे आलं ते असं, 'निसर्गाचे रंग, आनंदाचा संग'. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं छान आहे, पण हे वाचून आई नेमकं काय करणार? काहीच नाही. घोषणा वाचून आईचा हात एखाद्या डब्याकडे तरी गेला पाहिजे, निदान एखाद्या डब्यापासून मागे तरी आला पाहिजे.

म्हणून पहिली ठेवली 'आधी तेल, मग खेळ'. खोबरेल तेल कानामागे, मानेच्या वळीत, नखांच्या कडेला लावलं की रंग आत बसत नाही आणि नंतर घासावं लागत नाही. निम्मी कातडी घासण्यानंच सोलते खरं तर. हिंदी बॅनरसाठी 'पहले तेल, फिर खेल' केलं तर ते यमक मराठीपेक्षा भारी जुळलं. सासूबाई अजून नाराज आहेत.

दुसरी माझी लाडकी, 'आज कोपराला, उद्या गालाला'. म्हणजे रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावायचा आणि चोवीस तास बघायचं. खाज, पुरळ, लाली आली तर तो रंग त्या पोराला नाही, मग तो घरी केलेला का असेना. नैसर्गिक म्हणजे सगळ्यांना चालतोच असं नाही, झेंडूचीही ॲलर्जी असते लोकांना. हिरव्या रंगाला कोणीतरी मेंदी पावडर सुचवली होती, ती मी काढायला लावली, कारण काही मुलांना जन्मतः G6PD एन्झाइम कमी असतं आणि त्यांना मेंदी लागून रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, आणि घरच्यांना ते आधी माहीत असेलच असं नाही. या वर्षी हिरवा रंग नाही, बस.

आता खरी गंमत पिवळ्याची. मागच्या वर्षी मी चार वाट्या आरारूट आणि एक वाटी हळद चाळून गुलाल केला, भाचीला लावला, फोटो झकास आले. संध्याकाळी वहिनीनं तिला साबण लावला आणि गाल लालभडक! फ्रॉकच्या कॉलरवर पण लाल डाग. वहिनी रडायला आली, "ताई, तुम्ही काय लावलंत हिला?" मी पण घाबरले, मग आठवलं की हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तेच हे, अंगाचा साबण पण अल्कलीच. साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलं तर गाल परत पिवळा झाला. पुरळ असती तर हाताला गरम लागली असती, उठून आली असती, पोरीनं खाजवलं असतं, आणि पाण्यानं रंग काही बदलला नसता. त्यावरून घोषणा झाली 'हळदीला साबण लागला, म्हणून गाल लाल झाला'. ही नळाजवळ लावायची, स्टेजवर नाही, कारण घाबरायला होतं ते नळाजवळ.

पावडरीसाठी 'उधळायचा नाही, लावायचा'. आरारूट खाल्लं तर पोटात जातं, श्वासात गेलं तर ठसका. आणि टेसू, म्हणजे आपला पळस, त्याला घोषणाच नको, वासच पुरतो. शंभर ग्रॅम सुकी फुलं दोन लिटर पाण्यात उकळायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी पातळ सुती कपड्यातून दोनदा गाळायची. फुलांचे बारीक तंतू राहिले तर तेच खाजतात, लोक मग रंगाला नावं ठेवतात. केशरी गडद व्हावा म्हणून चुना टाकतात, आपल्याकडे मुलं आहेत, टाकायचा नाही, फिका तर फिका. आणि पाणी त्याच दिवशी संपवायचं, आंबतं.

आमचे अध्यक्षकाका अजून 'शंभर टक्के सुरक्षित' छापा म्हणतायत. मी म्हटलं काका, एकाच्या जरी डोळ्यात गेलं ना तर तो बॅनर घेऊन तुमच्याच दारात येतील. त्याऐवजी 'डोळ्यात गेलं? चोळू नका, नळाखाली धरा' छापा. ते म्हणाले, सणाच्या दिवशी असं अपशकुनी कशाला. वाद चालू आहे, प्रिंटरला उद्या दुपारपर्यंत फाइल द्यायचीये.

सियागंजला कोणी जाणार असेल तर पन्सारीकडून दोनशे ग्रॅम टेसू माझ्यासाठी पण आणा, पैसे लगेच देते.