अकरा माणसं आणि बावीस हजार

परळला माझं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, दहा बाय बारा फुटांचं. गेल्या आठवड्यात शेजारच्या दुकानदाराला कारणे दाखवा नोटीस आली आणि तो थेट दंड भरायला निघाला. त्याला थांबवलं आणि माझी २०२४ ची फाईल दाखवली. तीच इथे सांगतो.

१२ जूनला, शाळा उघडायच्या तोंडावर, तपासणी झाली. साहेब दारात उभं राहून डोकी मोजून गेले. ५ जुलैला नोटीस हातात पडली. नोटिशीत मजकूर असा : दुकानात ११ कामगार आढळले, नोंदणी नाही, माणशी २,००० प्रमाणे २२,००० रुपये दंड का करू नये, सात दिवसांत खुलासा करा.

आता यातली मेख बघा. आपण अजून 'गुमास्ता लायसन' म्हणतो, पण २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा दोन गट होते. दहा किंवा जास्त कामगार असतील तर नोंदणी. त्याहून कमी असतील तर फक्त सूचना द्यायची, म्हणजे ऑनलाइन अर्ज करून पोच घ्यायची. माझ्याकडे पोच होती. म्हणजे अख्खं भांडण एकाच आकड्यावर. कामगार दहाच्या खाली, तर आरोपच उभा राहत नाही.

आमच्या ओळखीच्या एका सल्लागाराने पत्र लिहून दिलं : 'मी गरीब दुकानदार आहे, नजरचुकीने झालं, या वेळी माफी असावी.' मी ते दिलं नाही. नजरचूक म्हटलं की चूक झाली हे मीच लिहून दिलं, मग सुनावणीत बोलायला उरतं काय? हात जोडायची आपल्याला इतकी सवय, की खुलाशाचा आपण विनंतीअर्ज करून टाकतो.

त्या रात्री बायको आणि मी वहीत ते अकरा जण आठवून लिहिले. मी मालक. बायको गल्ल्यावर. कायमची तीन मुलं. सीझनपुरता आलेला भाचा. झाले सहा. उरलेले पाच? वह्यांचे गठ्ठे उतरवणारा टेम्पोवाला आणि त्याचे दोन हमाल, झेरॉक्स मशीन दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, आणि आतल्या कॉम्प्युटरवर बसून अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरणारी एक गिऱ्हाईक मुलगी!

सीसीटीव्ही बघायला गेलो तर पंधरा दिवसांवरचं सगळं पुसलेलं. तपासणी झाली त्याच संध्याकाळी ते काढून ठेवायला हवं होतं, ही माझी चूक. मग कागद शोधले. मालाच्या चलनावर तारीख, टेम्पोचा नंबर आणि ड्रायव्हरची सही होती. मेकॅनिकच्या स्लिपवर आल्या-गेल्याची वेळ होती, तपासणीच्या वेळेशी बरोबर जुळणारी. तिन्ही मुलांचे पगार बँकेतून जातात, त्याचे उतारे आणि हजेरीपट जोडला.

खुलासा दीड पानाचा झाला. नोटिशीतल्या प्रत्येक मुद्द्याला तोच क्रमांक देऊन उत्तर दिलं. अकरा जणांचा तक्ता केला : कोण, कशासाठी आला होता, पगार कोण देतं, पुरावा कुठला. बायको आणि भाचा दोघांनाही कामगार धरलं तरी पाचच होतात, हे स्पष्ट लिहिलं. भाच्याला लपवायचा मोह झाला होता. पण तो दिसला होता, आणि एक गोष्ट लपवली की बाकीच्या दहांवर कोण विश्वास ठेवणार? सूचनेत कामगार दोनच दाखवले होते, तिसरा मुलगा नंतर लागला, तेही आपणहून लिहिलं. शेवटी दोन मागण्या : तपासणी अहवालाची प्रत द्यावी आणि समक्ष सुनावणी द्यावी.

नोटिशीवर तारीख २८ जूनची होती, म्हणजे तिच्या तारखेपासून मोजलं तर मुदत संपलेलीच. म्हणून पोस्टाचा शिक्का असलेलं पाकीट जपून ठेवलं आणि त्याची झेरॉक्स जोडली. (घरचंच मशीन, तेवढा फायदा.) ९ जुलैला आवक-जावकला दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. खिडकीवरचा माणूस 'ठेवून जा' म्हणत होता. मी शिक्का मिळेपर्यंत हललो नाही.

सुनावणीत अहवाल समोर आला. त्यात फक्त 'अंदाजे ११ इसम' एवढंच. एकाचंही नाव नाही, जबाब नाही. अधिकाऱ्याने तक्ता वाचला, मेकॅनिकची स्लिप दोनदा बघितली आणि विचारलं, 'ही फॉर्म भरणारी मुलगी कोण?' म्हटलं, साहेब, गिऱ्हाईक. नाव कसं विचारणार?

तीन आठवड्यांनी पत्र आलं : खुलासा मान्य, प्रकरण दप्तरी दाखल, कामगारांची संख्या दुरुस्त करून घ्यावी. ती त्याच दिवशी केली.

शेजाऱ्याच्या नोटिशीतही माणसांचा आकडा आहे. आज रात्री दुकान बंद झाल्यावर वही घेऊन बसणार आहोत.