फोलिट्रॅक्स म्हणजे फोलव्हाइट नव्हे

‘नाव थोडं वेगळं दिसलं तरी गोळी तीच असते. रंग ओळखीचा असला की बिनधास्त घ्या, मेडिकलवाल्याला सगळं कळतं.’

गोळी तीच नसते. संधिवाताच्या रुग्णाला बऱ्याचदा एकाच चिठ्ठीवर फोलिट्रॅक्स आणि फोलव्हाइट दोन्ही लिहून मिळतात. पहिलीत मेथोट्रेक्सेट असतं, दुसरीत फोलिक ॲसिड. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलिक ॲसिडचं काम अडवतं, आणि त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसरी गोळी जोडीला देतात. एकमेकींच्या उलट काम करणाऱ्या गोळ्या, आणि नावांची सुरुवात मात्र एकच!

रंगाचा भरवसा तर इथे मुळीच नको. ही दोन्ही द्रव्यं मुळात पिवळी आहेत.

आता हिशेब करा. समजा, रविवारी मेथोट्रेक्सेट 7.5 मिलिग्रॅम आणि उरलेले सहा दिवस फोलिक ॲसिड असं ठरलंय. गोळ्यांची अदलाबदल झाली तर आठवड्यात 45 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट पोटात जातं, म्हणजे ठरल्याच्या सहापट. तोंडात फोड, घसा दुखणं, ताप, जुलाब, अंगावर निळे डाग दिसू लागतात आणि रक्तपेशी कमी होत जातात. यात जीवही जाऊ शकतो. अदलाबदल झाल्याचं कळलं, तर फोडांची वाट न पाहता गोळी थांबवा आणि स्ट्रिप घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. घरी फोलिक ॲसिड जास्त घेऊन हे भरून निघत नाही. त्यासाठी वेगळं औषध आणि रक्ततपासणी लागते.

मेडिकलवाल्याला कळतं, पण अक्षर लागलं तर. जळगावच्या डॉक्टरांची चिठ्ठी चोपड्याच्या दुकानात सायंकाळच्या गर्दीत पोचते. ‘फोल’ एवढं वाचलं की उरलेलं नाव डोळा सवयीनं पूर्ण करतो. शिवाय नावांच्या क्रमानं लावलेल्या कप्प्यात दोन्ही खोकी शेजारीच असतात. चूक होते ती इथे, अडाणीपणामुळे नव्हे.

म्हणून स्ट्रिपवर आधी औषधाचं मूळ नाव शोधा. 2018 पासूनच्या नियमानुसार ते ब्रँडपेक्षा किमान दोन फॉन्ट मोठं छापायचं असतं. मग मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. 2.5 मधला ठिपका पुसट असला तर 25 वाचलं जातं, तेव्हा बोट ठेवूनच वाचा. दुकानदार स्ट्रिप कापून देत असेल तर नाव असलेला तुकडा मागा, आणि नाव नसलेला तुकडा डब्यात ठेवूच नका.

मेथोट्रेक्सेटचा वार डॉक्टरांकडून पूर्ण अक्षरांत लिहून घ्या. इंग्रजीत घाईनं लिहिलेला ‘मंडे’ ‘मॉर्निंग’ वाचला गेल्याच्या चुका नोंदलेल्या आहेत, आणि मग आठवड्याची गोळी रोज सकाळी सुरू होते. डॉक्टरांना चालत असेल तर गावच्या आठवडे बाजाराचाच वार धरा. तो वार घरात कोणी विसरत नाही. ती स्ट्रिप वेगळ्या डब्यात ठेवून झाकणावर त्या वाराचं नाव लिहा.