काकांना शुभेच्छा कुठल्या लिपीत पाठवायच्या?

गेल्या महिन्यात माझ्या काकांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस झाला. सकाळी ऑफिसला जाता जाता बसमध्ये मी घाईघाईत मेसेज टाकला, नेहमी टाकते तसाच: "Kaka, vadhdivsachya khup khup shubhechha". संध्याकाळी घरी गेले तर काका फोन हातात घेऊन बसलेले, आणि मला म्हणाले, "अगं, हे वध काय लिहिलंयस?"

मी फोन हातात घेऊन पुन्हा वाचलं. खरंच की! v-a-d-h म्हणजे वाढ हे आपल्याला माहिती असतं कारण आपण तो शब्द आधीच ओळखतो आणि मग अक्षरांवरून नुसती नजर फिरवतो. काका मात्र एकेक अक्षर जोडून वाचतात, त्यांची शाळा मराठी, इंग्रजी उशिरा आलं आणि जे आलं ते इंग्रजी म्हणूनच आलं, त्यामुळे रोमन अक्षरं दिसली की त्यांचं डोकं आधी इंग्रजी शब्द शोधतं, तो सापडला नाही की मग आवाज जुळवत बसतात. वा की व, ढ की ध, अक्षरांत काहीच सांगितलेलं नाही. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला त्यांना पहिला शब्द लागला तो वध. मला फार वाईट वाटलं.

रोज सकाळी अख्खा पेपर अग्रलेखासकट वाचणारा माणूस माझी एक ओळ वाचायला शब्दाखाली बोट धरतो, म्हणजे अडचण त्यांच्या वाचनात नाहीये, माझ्या लिहिण्यात आहे. आणि रोमन लिपी वाईट असंही नाही हं. गोव्यात कितीतरी कुटुंबांत रोमी कोकणी पिढ्यान् पिढ्या वाचली जाते, तिथल्या आजीला Dev borem korum वाचायला काही अडत नाही कारण ते स्पेलिंग तिनं लहानपणापासून पाहिलंय. आपल्या रोमन मराठीला तसं ठरलेलं स्पेलिंगच नाही, एकच mala कुणाचा मला असतो, कुणाचा माळा, कुणाचा मळा.

दुसरी गोष्ट मानाची. काकांच्या पत्रांत सुरुवात "ती." नं व्हायची, तीर्थरूप. रोमनमध्ये ते ti लिहिलं तर कुणीतरी बाई वाटते, त्यामुळे आपण ते गाळतो, साष्टांग नमस्कारही गाळतो, आणि उरतं नुसतं Kaka. आपल्याला ते आपुलकीचं वाटतं पण त्यांच्या पिढीला ते अर्धवट वाटतं, असं काकूंनी मला सरळ सांगितलं.

म्हणून मी त्याच रात्री जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली, त्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारा लेआउट येतो तो घेतला. टाइप तसंच करायचं, वर सुचवलेल्या शब्दांतून बरोबर शब्द निवडायचा, दोन दिवसांत हात बसतो. फक्त भाषा मराठीच निवडलीय ना ते बघा, माझ्या फोनवर आधीपासून हिंदी होतं आणि ते तिळगुळाचं तिलगुल करून द्यायचं. दुसरं, दसऱ्याला हमखास चुकतं ते "ऱ्या". साध्या र ला य जोडला की रफार य च्या डोक्यावर जातो आणि "दसर्याच्या" होतं, ते वाचताना दसर-याच्या असं अडखळतं. खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याला हलन्त, मग य. आमच्या घरात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना एवढं लगेच दिसतं.

पण ऱ्हस्व-दीर्घ चुकेल म्हणून देवनागरी टाळू नका प्लीज. "शूभेच्छा" लिहिलंत तरी काका न थांबता वाचतात, रोमनमध्ये तसं होत नाही.

माझा भाचा परदेशात वाढलाय, त्याला देवनागरी येत नाही. त्याला मी सांगितलंय की आ असेल तिथे aa लिही, vaadhdivas, वाक्य छोटं ठेव, आणि सोबत व्हॉइस मेसेज पाठव. ढ आणि ध चा घोळ तरीही राहतोच, तो आवाजानंच सुटतो.

त्या रात्री मी काकांना पुन्हा पाठवलं, "ती. काकांस, वाढदिवसानिमित्त साष्टांग नमस्कार." पलीकडच्या खोलीतून ते काकूंना मोठ्यांदा वाचून दाखवताना मला ऐकू आलं, एका दमात. मग बराच वेळ "टाइप करत आहे" असं दिसत राहिलं आणि उत्तर आलं, "चि. बबीस अनेक उत्तम आशीर्वाद. जेवलीस का?"