शॉवर फिल्टर घेण्याआधी हा हिशोब करून बघा

वाघोली, वाकड, हिंजवडी... पुण्याच्या कडेकडेच्या सोसायट्यांमध्ये राहायला आलेल्या कितीतरी जणी एकच तक्रार करतात. गावी केस छान होते, इथे आल्यापासून झाडूसारखे झाले. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं. आपल्याकडे येतं ते बोअरचं आणि टँकरचं, म्हणजे क्षारांचं. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

पाण्यातलं कॅल्शियम केसाला चिकटतं. केसाच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो, कॅल्शियमवर धनभार. कलर किंवा ब्लीच केलेल्या केसांवर अशा जागा जास्त, म्हणून त्यांना त्रासही जास्त. त्यात अंगाच्या साबणाने डोकं धुतलं तर साबण आणि कॅल्शियमचा मेणचट थर बसतो. केस ओले असताना चिकट आणि वाळल्यावर राठ लागतात, ते यामुळे.

यावर उपाय म्हणून सगळ्या जणी शॉवर फिल्टर घेतात, आणि माझा राग तिथेच आहे. शेजारच्या वहिनींनी घेतला तेव्हा मी मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते थेंबांचं किट घेऊन गेले. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, रंग बदलेपर्यंत मोजायचे. एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे 18 मिलिग्रॅम कठीणपणा, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार. नळाच्या पाण्याला 22 थेंब लागले, म्हणजे साधारण 390. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा 200 आहे. आता फिल्टरमधून आलेलं पाणी: तेही 22.

असं का? बहुतेक शॉवर फिल्टरमध्ये कार्बन आणि तांबं-जस्ताचे कण असतात. ते क्लोरीन कमी करतात, कॅल्शियमला हात लावत नाहीत. काहींमध्ये कॅल्शियम धरणारं रेझिनही असतं, पण किती? वाटीभर, समजा 200 मिली. एक लिटर रेझिन व्यवहारात सुमारे 50 ग्रॅम कठीणपणा धरतं, म्हणजे वाटीभर 10 ग्रॅम धरेल. आपल्या पाण्यात लिटरला 0.39 ग्रॅम आहे. भागाकार करा: 25 लिटर. पहिली अंघोळ संपायच्या आत ते भरलं! मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करता येतं, पण रोज कोण करणार? ‘सहा महिने चालतं’ हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे घालवणाऱ्या बायका आधीच केसांच्या काळजीने हैराण असतात.

आणि विक्रेता टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारं मीटर दाखवू लागला तर त्यावरही जाऊ नका. रेझिन कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतं, त्यामुळे खरोखर मऊ झालेल्या पाण्याचाही टीडीएस जवळपास तेवढाच राहतो.

मग काय करायचं? केसावर बसलेलं कॅल्शियम उतरवायचं. आठ-पंधरा दिवसांतून एकदा चिलेटिंग शाम्पू. त्यात ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला पकडून पाण्याबरोबर नेतं. पण बाटलीवर ईडीटीए नुसतं दिसलं म्हणजे झालं नाही. साध्या शाम्पूतही ते यादीच्या शेवटी चिमूटभर असतं. यादीत वरच्या बाजूला हवं. फेस तीन-चार मिनिटं ठेवा, मग कंडिशनर लावाच, नाहीतर केस आणखी कोरडे लागतील.

स्वस्तातलं हवं असेल तर एक लिटर पाण्यात सायट्रिक अॅसिड, पाव चहाचा चमचा, किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस. शाम्पूनंतर केसांवर ओता, दोन मिनिटांनी धुवा, आणि शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घ्या, नाहीतर नळाचं पाणी पुन्हा थोडं कॅल्शियम ठेवून जाईल. डोक्यावर खरचटलं असेल तर नको, डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि बाथरूमला संगमरवर असेल तर लगेच फरशी धुवा, डाग पडतात. याने कॅल्शियम उतरतं. चिरलेला केस सांधला जात नाही, तो कापावाच लागतो.

कंगव्यातला केसही एकदा उजेडात धरून बघा. टोकाला पांढरा कंद असेल तर तो मुळापासून गळलेला आहे. असे खूप दिसत असतील तर पाण्याला दोष देत बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड तपासा. कंद नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटलेला केस, आणि माझं वरचं सगळं लिहिणं त्याच्यासाठी आहे.

खरा उपाय सोसायटीच्या टाकीजवळचा सॉफ्टनर प्लँट आहे, म्हणजे तेच रेझिन, पण सगळ्या इमारतीला पुरेल एवढं. पुष्कळ ठिकाणी तो बसवलेला असतो, फक्त त्यात वेळेवर मीठ पडत नाही. पुढच्या मीटिंगला मी हेच मांडणार आहे: प्लँटच्या आधीचं आणि नंतरचं पाणी दर आठवड्याला तपासायचं, आणि दोन्ही आकडे लिफ्टशेजारच्या फळ्यावर लिहायचे. किट माझं वापरा.