‘नाव मुलीचंच खराब होतं’ : एका आईच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “ताई, तुमचं लिखाण पुण्या-मुंबईच्या मुलींसाठी ठीक आहे. आमच्या वाईत मुलगा-मुलगी दोनदा बोलताना दिसले की तिसऱ्या दिवशी लग्न ठरल्याचं गावभर होतं. पुढे काही जमलं नाही तर नाव मुलीचंच खराब होतं. त्यापेक्षा घरच्यांनी चौकशी करावी आणि पोह्यांच्या कार्यक्रमात काय ते बोलून घ्यावं. – एक आई”

काकू, मीही वाईचीच आहे, त्यामुळे तुमची काळजी मला अगदी आतून कळते. मुलीला जास्त सोसावं लागतं हे खरंच आहे. म्हणूनच लग्न ठरण्याआधी मुलाशी ओळख किती आणि कशी वाढवायची हे तिने ठरवावं, आणि ते लपवण्यापेक्षा घरातल्या एका माणसाला आधी सांगावं, असं मी म्हणते.

आपल्याकडे मुलं घाबरून काय करतात? पसरणीचा घाट चढून पाचगणीला जातात. तिथे कुणी ओळखत नाही असं त्यांना वाटतं. पण वडापवाला वाईचा, टेबललँडवर मक्याचं कणीस विकणारी मावशी घाटाखालच्या गावातली, आणि सुट्टीच्या दिवशी निम्मी वाई तिथेच असते. मग “दोघं दिसले” एवढीच बातमी खाली येत नाही, “तोंडाला स्कार्फ बांधून पाचगणीला गेले होते” अशी येते. नुसत्या भेटीबद्दल लोक थोडं बोलतात, लपवलेल्या भेटीबद्दल खूप, कारण न दिसलेलं प्रत्येक जण आपल्या मनाने भरतो.

माझ्या ओळखीतली एक मुलगी पतसंस्थेत काउंटरवर बसते. कृषी सेवा केंद्र चालवणारा एक मुलगा रोजचा भरणा घेऊन यायचा, तिथून बोलणं सुरू झालं. बाहेर चहाला जायच्या आधी तिने घरात एकाच माणसाला सांगितलं, मोठ्या काकूला. मुलगा कोण, काय करतो आणि आज संध्याकाळी बाजारपेठेतल्या कुठल्या हॉटेलात बसणार, एवढंच. “आमचं जमलंय” असं नाही, “ओळख करून घेतेय” असं. दिवे लागायच्या आत शेजारच्या बाई दारात हजर. “तुमची पोरगी दिसली हो हॉटेलात.” काकू म्हणाल्या, “हो, मला सांगून गेलीय. बसा, चहा टाकते.” बाईंना पुढे सांगण्यासारखं काही उरलंच नाही. हेच आईच्या कानावर आधी शेजारणीकडून गेलं असतं, तर त्याच रात्री घरात भांडण झालं असतं आणि गावात खरी चर्चा त्या भांडणाची झाली असती.

त्या दोघांचं पुढे जमलं नाही. तीन-चार महिन्यांत तिच्या लक्षात आलं की दुकानातल्या पोरावर तो सगळ्यांदेखत खेकसतो, आणि उधारीवाला शेतकरी आला की त्याचा आवाज बदलतो. तिने थांबायचं ठरवलं आणि तेही काकूला सांगितलं. कुणी विचारलं तर काकूंचं उत्तर ठरलेलं, “ओळख होती, पुढे नाही गेलं.” काही दिवस कुजबुज झाली, मग गावाला दुसरा विषय मिळाला. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, आणि सासरच्यांना हे तिने स्वतःच आधी सांगितलं होतं.

आता चौकशीचं. चौकशीत घर कळतं. जमीन किती, कर्ज आहे का, भाऊ वेगळे राहतात का, दारूचं काही आहे का. हे कळायलाच हवं, ते मी नाकारत नाही. पण माणूस रागावल्यावर कसा वागतो, बायकोच्या नोकरीबद्दल त्याला खरंच काय वाटतं, हे मामाच्या मित्राला विचारून कळत नाही. पोह्यांच्या कार्यक्रमात तर दोघांना मोजून पंधरा मिनिटं गच्चीवर पाठवतात आणि जिन्यात लहान पोरं कान देऊन उभी असतात. त्यापेक्षा माणूस कामात दिसू द्या. थंडीत आपल्या घाटांवर कृष्णामाईचे उत्सव होतात. प्रसादाच्या पंगतीत वाढताना, उष्टी पानं उचलताना, कुणी उगाच डाफरल्यावर तो काय करतो ते चार चौघांत, कुणाच्याही डोळ्यांवर न येता पाहता येतं.

माझं हे सांगणं एका ठिकाणी मात्र लागू पडत नाही. मुलगा दुसऱ्या जातीचा किंवा धर्माचा असेल आणि घरात मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर “घरी आधी सांग” हा सल्ला जिवावर बेतू शकतो. तिथे मुलीने घराबाहेरचं विश्वासाचं माणूस गाठावं. अशा जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात दिला आहे. धोका दारात आला तर 112 वर फोन करावा.

तुमच्या घरात तसं काही नसेल असं मी धरून चालते. मग मुलीने ते पहिलं माणूस म्हणून तुम्हालाच निवडावं असं वाटत असेल, तर एक करा. ती नाव सांगेल तेव्हा “कुणाचा?” हा प्रश्न थोडा मागे ठेवा आणि आधी “कसा आहे?” हे विचारा. “कुणाचा” ते तुम्हाला संध्याकाळपर्यंत गावच सांगेल.