मंगलाष्टकं लिहून द्या, दर मात्र सांगू नका

फोन येतो, "तुम्हाला काय, सुचतंच! लग्न पुढच्या गुरुवारी आहे." अशा वेळी पैशांचं काढून रसभंग करू नये. "द्या हो काय द्यायचं ते," म्हणावं. बँडवाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख लिहून घेत नाही. पण त्याला थोडंच सुचत असतं?

नावांची यादीही आधी मागू नका. ती येतेच, रोज दोन-दोन नावांनी.

अगदीच दर सांगावा लागला तर कडव्यावर सांगा. आठ कडव्यांचा आकडा ऐकून यजमान तीनच मागतील आणि चौदाच्या चौदा नातेवाईक त्या तिनांत कोंबायला सांगतील. एखादा हिशेबी तर म्हणेल, "शेवटचं 'कुर्यात् सदा मंगलम्' तयारच असतं ना, तेवढे कमी करा." खोटं नाही ते. मंगलाष्टकाच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात ओळीला 19 अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा, आणि शेवटच्या ओळीत पुढची सात म्हणजे बरोबर 'कुर्यात् सदा मंगलम्'. चार ओळींच्या कडव्याच्या 76 अक्षरांतली 7 आयती. सूट द्या.

कारण खरी गंमत उरलेल्या 69 मध्ये आहे. मला एकदा 'सुनीताआत्या' बसवायची होती. नुसती सुनीता म्हणजे लघु, गुरु, गुरु. यती न मोडता हा क्रम अख्ख्या ओळीत एकाच जागी सापडतो, पंधराव्या अक्षरापासून. चौथ्या ओळीत ती जागा 'सदा मंगलम्'नं आधीच धरलेली, म्हणजे आत्याला पहिल्या तीन ओळींतच बसायचं. बरं, 'सुनीताआत्या' असं सलग म्हटलं की लघूमागे चार गुरु, आणि ते या वृत्तात कुठेच बसत नाहीत. उलटवून 'आत्या सुनीता' केलं की यतीनंतर अलगद बसतं. "आशीर्वाद देण्यास ये" वगैरे भरताड टाळून मी 'आत्या सुनीता उभी' लिहिलं. दोन संध्याकाळी गेल्या.

यजमान म्हणाले, "आम्ही सुनीताआत्याच म्हणतो. तेवढं पुढेमागे करा ना."

करावं. वृत्त मोडलेलं कागदावर कुणाला दिसत नाही, चालीत म्हटल्यावरच कळतं. म्हणून घरी मोठ्यानं म्हणून बघायच्या भानगडीत पडू नका. किती वेळा बदल फुकट, हेही ठरवू नका. 'दोनदा बदल, नंतर वेगळे पैसे, नाव बदललं तर कडवं नवं' असं लिहून पाठवणारे लोक असतात. त्यांना निम्मे पैसे आधी मिळतात म्हणे, आणि ऐन हळदीच्या रात्री फोनही येत नाहीत.

मला आला. काकांचं नाव राहिलं होतं.

गुरुवारी अंतरपाटामागे काकू 'सुनी'पाशी अडखळल्या, 'सूऽनीऽ' करून सावरायला गेल्या, तेवढ्यात सगळ्यांनी अक्षता टाकल्या. जेवताना आत्या शेजारीच होत्या. म्हणाल्या, "छान होती हो मंगलाष्टकं. माझं नाव नव्हतं वाटतं?"