वाय-फाय कॉलिंग आणि ‘बूस्टर बसवा’ म्हणणारा मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज असा:

“घरात रेंज नाही? वाय-फाय कॉलिंगच्या नादी लागू नका. १) फोन फोर-जी आहे म्हणजे व्होल्टी आहेच, सेटिंग बघायची गरज नाही. २) वाय-फाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप कॉलच, दोन्हीकडे लागतं, पैसेही वेगळे. ३) नेट १०० एमबीपीएसचं नसेल तर आवाज तुटणारच. ४) उपाय एकच, रेंज बूस्टर. ऑनलाइन मिळतो. सर्वांना पाठवा.”

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. फोर-जीच्या जाळ्यात जुन्या पद्धतीचा कॉल मुळात नाहीच, तिथून फक्त डेटा जातो. त्या डेटावरून बोलणं नेण्याची सोय म्हणजे व्होल्टी, आणि त्यासाठी कंपनीच्या वेगळ्या यंत्रणेकडे फोनची नोंद व्हावी लागते. तिला आयएमएस म्हणतात. ही नोंद होण्यासाठी फोनमध्ये त्या कंपनीची सेटिंग्ज असावी लागतात, शिवाय व्होल्टीचं बटण चालू असावं लागतं. परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या फोनमध्ये नेमकं इथेच अडतं. नोंद झाली नाही तर फोन कॉलपुरता टू-जीवर उतरतो. कॉल चालू असताना वरचं 4G जाऊन E आलं आणि नेट थांबलं, तर हेच झालंय असं समजा. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सुरुवातच फक्त फोर-जीने केली. त्यांच्याकडे उतरायला खालचं जाळंच नाही, त्यामुळे त्या सिमवर व्होल्टी बंद असेल तर नेट चालेल, साधा कॉल लागणार नाही.

मात्र व्होल्टीमुळे रेंज वाढत नाही. लहरी त्याच असतात आणि भिंतीही त्याच.

दुसरा मुद्दा मुळापासूनच चुकलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही त्या अ‍ॅपच्या सर्व्हरशी बोलता. वाय-फाय कॉलिंगमध्ये फोन तुमच्या ब्रॉडबँडवरून थेट मोबाइल कंपनीच्या दारापर्यंत एक बंद बोगदा काढतो, सिमने आपली ओळख पटवतो आणि त्याच आयएमएसवर नोंदणी करतो. तिथून पुढे तो नेहमीचाच कॉल असतो: नंबर तुमचा, डायलर नेहमीचा, समोर लँडलाइन असली तरी चालते. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. कॉल तुमच्या प्लॅनमध्येच धरला जातो, वर खर्च होतो तो घरच्या नेटचा मिनिटाला साधारण १ एमबी.

तिसऱ्याचं उत्तर या हिशेबातच आलं. आवाज दर २० मिलिसेकंदांनी एका छोट्या पाकिटात भरून जातो, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं. वरची सगळी वेष्टणं धरूनही एका बाजूला १०० केबीपीएस पुरतात. आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नव्हे, पाकिटं उशिरा किंवा मागेपुढे पोचतात म्हणून. राउटर दोन भिंतींपलीकडे असेल, किंवा कुणाचा फोन त्याच वेळी शेकडो फोटो क्लाउडवर चढवत असेल, तर ३०० एमबीपीएसच्या कनेक्शनवरही बोलणं अडखळतं.

मग एवढं असूनही लोकांचं वाय-फाय कॉलिंग चालत का नाही? आमच्या आत्याच्या घरी याचा अख्खा धडा मिळाला. पुण्यात तळमजल्यावरचं घर, तिन्ही बाजूंना नव्या इमारती. तिची तक्रार एकच: “अरे, सगळे म्हणतात फोन लागत नाही, आणि इथे तर एक कांडी दिसते!” त्या कांडीनेच घोळ केला होता. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटसखाली रेंजचा खरा आकडा दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. स्वयंपाकघरात −११८ होता आणि फाटकापाशी −९८. फरक वीसचा दिसतो, पण दर दहाला शक्ती दहापट बदलते, म्हणजे स्वयंपाकघरात फाटकाच्या शंभरावा हिस्सा पोचत होता. एवढ्यावर फोन नेटवर्क धरून राहतो, कॉल मात्र टिकत नाही.

वाय-फाय कॉलिंगचं बटण चालू केलं, तरी काही फरक नाही. मग डायलरवर हा कोड टाकला (बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतो, काही कंपन्यांनी बंद ठेवलाय):

```
*#*#4636#*#*
```

फोनच्या माहितीत आयएमएसची स्थिती उघडली, तर Voice over WiFi पुढे Unavailable. दोष फोनचा की नेटचा हे ओळखायला मी फाटकापाशी उभा राहून माझ्या फोनचा हॉटस्पॉट तिला जोडून दिला. मिनिटाभरात तिथे Available आलं. म्हणजे फोन आणि सिम दोन्ही ठीक, अडथळा राउटरमध्ये. तो बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे नेटच्या दोन ठरलेल्या दारांतून जातो, आणि राउटरचा फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणारा पहारा, सर्वांत कडक पातळीवर ठेवलेला असल्याने ती दोन्ही बंद होती. पातळी मधली केली, राउटर बंद-चालू केला, नोंद झाली. याउलट हॉटस्पॉटवरही नोंद होत नसेल, तर राउटरशी झटापट करू नका. कंपनीच्या बाजूची परवानगी किंवा फोनमधली सेटिंग्ज पाहावी लागतील.

तरी फोन त्या एका कांडीला चिकटूनच. वाय-फाय कॉलिंगच्या पानावर काही फोनांत पसंतीचा पर्याय असतो, तो मोबाइल नेटवर्कवरून वाय-फायवर आणला. हा पर्याय नसेल तर एअरप्लेन मोड लावून वाय-फाय तेवढं चालू करायचं, फोनला दुसरा रस्ताच उरत नाही. आत्याने हा उपाय शेजारणीलाही शिकवला, आणि ती एअरप्लेन मोड तसाच ठेवून भाजी आणायला गेली. दुपारभर तिचा फोन बंद. चाचणीसाठी युक्ती छान आहे, रोजच्यासाठी नाही.

बोलत बोलत घराबाहेर पडलात तर कॉल आपोआप व्होल्टीवर सरकतो, पण बाहेर फोर-जी असेल आणि व्होल्टीची नोंद असेल तरच. बाहेर नुसतं टू-जी असेल तर कॉल तुटतो. पहिल्या मुद्द्यातलं बटण बघा म्हणतो ते यासाठी.

बूस्टरबद्दल थोडक्यात. सर्वसामान्य माणसाने परवानगीशिवाय तो बसवणं आपल्याकडे बेकायदा आहे, दुकानात राजरोस मिळत असला तरी. स्वस्त यंत्र तुमच्या फोनचा आवाज वाढवताना गोंगाटही तितकाच वाढवून टॉवरकडे फेकतं. टॉवरला मग दूरचे फोन ऐकू येईनासे होतात. तुमच्या घरात चार कांड्या, आणि मागच्या गल्लीत कुणाचा कॉल लागत नाही. त्यापेक्षा सोसायटीने मिळून मोबाइल कंपनीकडे लेखी तक्रार करावी. इमारतीत लहान केंद्र बसवणं कंपनीला शक्य असतं.

मेसेजने न सांगितलेल्या दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. वीज गेली की राउटर जातो आणि त्याबरोबर फोनही. आत्याकडे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एका छोट्या यूपीएसवर टाकले. नुसता राउटर टाकून भागत नाही, डबा बंद पडला की नेट गेलंच. दुसरी गोष्ट, वाय-फायवरून ११२ लावला तर तुम्ही कुठल्या टॉवरपाशी आहात हे कळण्याचा नेहमीचा आधार तुटतो. फोन उचलताच आधी पत्ता सांगायचा, हे आत्याला आम्ही राउटरशेजारी कागदावर लिहून दिलंय, पत्त्यासकट.